वरणातली पाल

रात्री साडेदहाला मुलींच्या वसतिगृहासमोर १०८ची गाडी येऊन थांबली. रेक्टर मॅडमनी दुसऱ्या वर्षाच्या एका मुलीला हाताला धरून आत बसवलं, आणि गाडी तालुक्याच्या रस्त्याला लागली. खिडक्यांतून पन्नासेक डोकी बाहेर. "तिले काहून नेलं वं?" वरून कोणीतरी विचारलं. मॅडम एवढंच म्हणाल्या, "झोपा गुमान, उगी गलका करू नोका."

विदर्भातल्या एका आडगावच्या कॉलेजात मी तेव्हा शिकवत होतो. सकाळी आठला चहाच्या टपरीवर कानावर आलं की मेसच्या वरणात पाल पडली होती. दहापर्यंत आजारी मुली तीन झाल्या. दुपारी एक जण 'सिरिअस' होती, आणि चार पालक मोटरसायकलवरून लेकींना न्यायला आले होते.

गॉर्डन ऑलपोर्ट आणि लिओ पोस्टमन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी दुसऱ्या महायुद्धातल्या अफवांचा अभ्यास करून १९४७ साली एक सूत्र मांडलं: अफवेचा जोर म्हणजे विषयाचं महत्त्व गुणिले संदिग्धता. यातला 'गुणिले' महत्त्वाचा. बेरीज असती, तर एक बाजू शून्य झाली तरी दुसरीच्या बळावर अफवा चालली असती. गुणाकारात एक शून्य झालं की सगळंच शून्य. परीक्षेचं वेळापत्रक मुलांना जिवाइतकं महत्त्वाचं असतं, पण ते फळ्यावर लागलं की त्याची अफवा होत नाही. उलट भांडाराच्या खोलीला नवं कुलूप का लागलं हे कोणालाच ठाऊक नसतं, पण त्याची फिकीरही कोणाला नसते.

आमच्याकडे हे अगदी उघड दिसलं. मुलांचं वसतिगृह शंभर पावलांवर, पण त्यांची मेस वेगळी. पालीची बातमी तिथेही पोचली. मुलं ती ऐकून हसली आणि विसरली. कारण संदिग्धता दोन्हीकडे सारखीच होती, वरण मात्र मुलींच्या पोटात होतं.

असाच प्रसंग स्टॅन्ली शॅक्टर आणि हार्वे बर्डिक या मानसशास्त्रज्ञांनी मुद्दाम घडवला होता. त्यांचा अहवाल १९५५चा. अमेरिकेतल्या मुलींच्या एका शाळेत चालू तासाला मुख्याध्यापिका वर्गात आल्या, एका मुलीला कोट-पुस्तकं घेऊन सोबत चल म्हणाल्या आणि तिला घेऊन गेल्या. कारण कोणालाच सांगितलं नाही. त्याआधी काही मुलींच्या कानावर घातलं होतं की ऑफिसातून प्रश्नपत्रिका गायब झाल्या आहेत. काही वर्गांत हे बी पेरलं, पण तिथून कोणालाही नेलं नाही. तिथे ती गोष्ट फारशी पुढे सरकली नाही. जिथून मुलगी उठवून नेली, तिथे ती पसरली, आणि न पेरलेल्या नव्या अटकळीही उगवल्या.

मला जास्त गंमत वाटते ती दुसऱ्या निष्कर्षाची. पेरलेली गोष्ट फिरताना जवळपास बिघडली नाही. ऑलपोर्ट-पोस्टमन यांच्या प्रयोगांत मात्र एकाने दुसऱ्याला सांगता सांगता तपशील गळत आणि उरलेले टोकदार होत. पण तिथे ऐकणाऱ्याला उलट विचारायची मुभा नव्हती. शाळेतल्या मुली एकमेकींना विचारत होत्या, दोघी-तिघींकडून ताडून घेत होत्या. म्हणजे अफवा तोंडोतोंडी गेली की वाढतेच, हे सरसकट खरं नाही. आमच्याकडे ती वाढली, कारण विचारायला कोणी नव्हतंच. मेसवाल्या मावशींना मॅडमनी बोलू नका असं बजावलं होतं, आणि मावशींच्या गप्प बसण्याचाच पुरावा झाला.

सूत्राला मर्यादा आहेत. महत्त्व किंवा संदिग्धता किलो-ग्रॅममध्ये मोजता येत नाही, त्यामुळे तो गुणाकार गणितापेक्षा उपमेसारखाच घ्यावा. पुढे मानसशास्त्रज्ञ राल्फ रोझनाऊ यांनी त्यात माणसाची स्वतःची धास्ती आणि ऐकलेल्यावर त्याचा किती विश्वास बसतो, हेही धरलं. एकाच खोलीतल्या दोघींपैकी एकच का फोन फिरवत बसते, याचा उलगडा त्यातून होतो. आमच्याकडे सगळ्यांत जास्त फोन लावणारी मुलगी रात्री वरण दोनदा घेणारी निघाली. तिच्या पोटात काहीच दुखत नव्हतं. दर तासाला ती पोट चाचपून बघत होती.

संध्याकाळी प्राचार्यांनी 'अफवांवर विश्वास ठेवू नये' अशी सूचना लावली. तिच्यात मुलीला काय झालं ते नव्हतंच, त्यामुळे संदिग्धता तसूभरही घटली नाही. उलट लपवण्यासारखं काहीतरी आहे असा अर्थ निघाला आणि महत्त्व वाढलं. शेवटी काम झालं ते एका फोनने. मुलीच्या आईने दवाखान्यातून तिच्या खोलीतल्या मैत्रिणीला लावला, आणि तो स्पीकरवर सगळ्या मजल्याने ऐकला: अपेंडिक्स होतं, ऑपरेशन झालं, पोरगी बोलते आहे. त्या रात्री मेसमध्ये वरण संपलं.

आठवड्याने ती परत आली. जिन्यातच एकीने तिला गाठलं, टाके दुखतात का ते विचारलं, आणि मग हळूच म्हणाली, "पण पाल कितीशी मोठी होती वं?"