केबलची सुई नसली तरी वेणी घालता येते

आमच्याकडून लोकर नेणारे बरेच जण विचारतात की वेणीच्या डिझाइनला ती छोटी वाकडी सुई घ्यायलाच हवी का. चार टाक्यांची वेणी असेल तर नको, हातानेच होते, फक्त दोन टाके काही सेकंद सुईविना राहतात आणि सगळी भीती तिथेच.

समजा वेणी डावीकडे झुकवायचीय. दोरा मागे ठेवा. उजवी सुई कामाच्या मागून नेऊन पहिले दोन टाके सोडा आणि तिसऱ्या-चौथ्यात उजवीकडून डावीकडे घाला, विणायचं काही नाही, नुसतं घालून ठेवायचं. आता पहिल्या दोन टाक्यांचं बूड उजव्या हाताच्या चिमटीत धरा आणि डावी सुई चारही टाक्यांतून हळूच मागे घ्या. इथे घाईत पाचवा टाकाही निसटतो, म्हणून त्याच्यावर डावं बोट ठेवाच. पुढे लोंबणारे दोन टाके डाव्या सुईवर घ्या, मग उजव्या सुईवरचे दोन परत डावीवर सरकवा आणि चारही सुलट विणा. उजवीकडे झुकवायची असेल तर उजवी सुई पुढून न्यायची आणि सुटलेले दोन टाके मागे राहतात, बाकी सगळं तसंच.

टाके मोकळे असताना विणकाम खाली ओढू नका. सुटलेला लूप स्वतःहून फारसा पळत नाही, ओढलं की मात्र खालच्या ओळीत गडप होतो. गेलाच तर घाबरू नका, त्या जागी शिडीच्या पायरीसारखा एक आडवा दोरा दिसेल. क्रोशाची सुई समोरून लूपमध्ये घाला, मागचा आडवा दोरा पकडून लूपमधून पुढे ओढा, झालं. दोन ओळी उसवल्या असतील तर खालच्या पायरीपासून सुरुवात करायची.

पीळ पडलेला टाका जास्त फसवा, कारण तो लगेच कळत नाही, चारपाच ओळींनी बुडाशी फुली दिसते तेव्हा समजतं. विणायच्या आधीच बघा: सुईवर बसलेल्या लूपचा उजवा पाय सुईच्या पुढे हवा. डावा पाय पुढे असेल तर टाका उलटा बसलाय, काढून फिरवून परत घाला किंवा मागच्या पायातून विणा, तोही सरळ होतो. लोंबते टाके उचलताना डावी सुई लूपमध्ये पुढून मागे घातली की हे सहसा होतच नाही. आमच्यातल्या एकीने अख्खी बाही विणल्यावर हे पाहिलं आणि मग शांतपणे उसवत बसली.

लोकर जरा खरखरीत आणि सुया लाकडी असतील तर सहा टाक्यांपर्यंत हाताने जमतं. रेशीम, सुती किंवा बांबूचा दोरा धातूच्या सुयांवर असेल, किंवा वेणी आठ टाक्यांची असेल, तर सरळ केबल सुईच वापरा, ती नसेल तर दोन्ही टोकांची कुठलीही बारीक सुई चालते.