कंबर-उंची गुणोत्तर: मुलांसाठी 0.5 ही एकच रेषा?

“कंबर उंचीच्या निम्म्याहून कमी असली, की मूल कोणत्याही वयाचे असो, पोटावरच्या चरबीची काळजी नाही, हे खरे ना?”

नाही. पहिल्या काही वर्षांत उंची कंबरेपेक्षा फार वेगाने वाढत असल्याने हे गुणोत्तर वयानुसार घसरत जाते आणि किशोरवयात त्याची घसरण थांबते. दोन वर्षांच्या निरोगी मुलाची उंची 87 सेंमी आणि कंबर 46 सेंमी असू शकते, गुणोत्तर 0.53 येते, पण त्यात गैर काही नाही. उलट 160 सेंमी उंचीच्या चौदा वर्षांच्या मुलीची कंबर 77 सेंमी असल्यास गुणोत्तर 0.48 भरते, म्हणजे ती रेषेच्या आत राहते, तरी वय-लिंगानुसारच्या अनेक तक्त्यांत ही कंबर वरच्या टोकाकडे असते.

ब्रिटनमध्ये उपचारांविषयी मार्गदर्शक सूचना काढणाऱ्या ‘नाइस’ संस्थेने 2022 मध्ये 0.5 ही सीमा मुलांनाही लागू केली, मात्र पाच वर्षांपुढेच; प्राथमिक चाळणी म्हणून ती सोयीची आहे, निदान म्हणून नव्हे. शिवाय फीत कुठे धरली, शेवटच्या बरगडीच्या व कटिअस्थीच्या मधोमध की थेट कटिअस्थीवर, यानेही आकडा बदलतो (आणि सीमेजवळच्या मुलाचा गटही), म्हणून तक्ता ज्या पद्धतीचा, मापही त्याच पद्धतीने घ्यावे.