घरात बोलकी, वर्गात गप्प

सप्टेंबरातली पालकसभा. सीनियर केजीच्या बाई आईला सांगतात, "ईरा जूनपासून वर्गात एक शब्दही बोललेली नाही." आईला हे पटत नाही. ती मोबाइल काढून व्हिडिओ दाखवते. त्यात ईरा सोफ्यावर उभी राहून आजोबांना गोष्ट सांगते आहे, आणि आजोबा मध्ये बोलले की त्यांनाच दटावते आहे. बाई व्हिडिओ दोनदा बघतात. या मुलीचा आवाज त्या पहिल्यांदाच ऐकत असतात. (ईरा ही कुणी एक मुलगी नाही. अशा बऱ्याच मुलांच्या हकिकतींतून तिला इथे उभं केलं आहे.)

आई आणि बाई दोघींचंही खरं आहे. या अवस्थेला सिलेक्टिव्ह म्युटिझम म्हणतात. घरच्या माणसांशी मोकळेपणी बोलणारं मूल ठरावीक ठिकाणी, ठरावीक माणसांसमोर अजिबात बोलत नाही, आणि हे किमान महिनाभर तरी चालू असतं. शाळेचा पहिला महिना यात धरायचा नाही, कारण नव्या जागी बुजून गप्प राहणारी मुलं पुष्कळ असतात आणि बहुतेकांचं तोंड काही आठवड्यांत उघडतं. शाळेची भाषा न येणं हेही कारण नसावं लागतं. घरी फक्त मराठी आणि शाळा इंग्रजी माध्यमाची असेल तर मूल सुरुवातीला नुसतं ऐकत राहतं, त्यात काही वावगं नाही. पण ईरा डब्याच्या सुट्टीत मराठी बोलणाऱ्या मैत्रिणींशीही बोलत नाही, आणि शाळेच्या फाटकाजवळ ओळखीचं कुणी दिसलं की आईशी चाललेली बडबड मध्येच तुटते. तिचा प्रश्न भाषेचा नाही.

हा प्रकार सहसा 5 वर्षांच्या आतच सुरू होतो, पण लक्षात येतो तो शाळेत, कारण बोललंच पाहिजे अशी पहिली जागा तीच असते. साधारण दर 100 मुलांत एखादं मूल, किंवा त्याहूनही कमी. अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या निदानपुस्तिकेने 2013 साली त्याला चिंताविकारांच्या गटात घातलं. ही नोंद आपल्याकडच्या प्रत्येक शिक्षक-खोलीत लावावी असं मला वाटतं, कारण तिथे अजून "हट्टी आहे", "नाटकं करते", "घरी फार लाडावलंय" हीच निदानं चालतात. बाई प्रश्न विचारतात तेव्हा ईराकडे नीट बघा. चेहरा कोरा होतो, मान ताठ होते, हात अंगाला चिकटतात. कधी कधी तिला मानही हलवता येत नाही. उत्तर येत असतं, पण आवाज निघत नाही. हट्टी मूल असं थिजत नाही.

हे गप्प राहणं घट्ट कसं होतं, ते लिफ्टमध्ये दिसतं. वरच्या मजल्यावरचे काका वाकून विचारतात, "काय बाळा, नाव काय तुझं?" ईरा थिजते. दोन सेकंद, तीन सेकंद. शांतता आईलाच सहन होत नाही आणि ती म्हणते, "ईरा नाव आहे तिचं. जरा लाजाळू आहे." काका हसतात, आईचा जीव भांड्यात पडतो, ईराच्या छातीतली धडधड उतरते. तिघांचीही सुटका झाली. गोम या सुटकेतच आहे. गप्प राहिलं की भीती जाते, हे ईराचं शरीर शिकतं. आपण बोललो की अवघड क्षण टळतो, हे आई शिकते. दिवसातून पाच-सहा वेळा असं घडत राहिलं की वर्षभरात सवय पक्की होते. आईने यात वावगं काही केलेलं नसतं, कुणीही हेच केलं असतं.

मग शाळेत करायचं काय? "म्हण ना, मग चॉकलेट देते" याने भीती वाढते. "असू दे, नको बोलू" याने सुटकेची सवय पोसली जाते. उपयोगी पडणारी वाट या दोहोंच्या मधली आहे. ईराचा आवाज आईजवळ आहेच. तो आईसकट शाळेत आणायचा आणि मग एका वेळी एकच गोष्ट बदलायची: एक तर माणूस, एक तर जागा, नाही तर बोलण्याचा प्रकार. इंग्लंडमधल्या वाक्‌-भाषा तज्ज्ञ मॅगी जॉन्सन आणि अ‍ॅलिसन विन्टजेन्स यांनी याची एक पद्धत बारकाईने मांडली आहे. तिच्यात नवा माणूस मुलाच्या चालू बोलण्यात हळूहळू सरकत येतो.

त्याआधी काही दिवस बाईंनी ईराकडून बोलण्याची अपेक्षाच काढून घ्यायची. समोर न बसता शेजारी बसायचं, नजर तिच्यावर नव्हे तर दोघींच्या मधल्या चित्रावर ठेवायची, प्रश्न न विचारता आपलं आपण बोलायचं. "मी हत्तीला निळा रंग देते. अरे, सोंड राहिलीच." उत्तर आलं नाही तरी बोलणं चालू ठेवायचं. ऐकायला सोपं, पण शिक्षकांना हे फार जड जातं. त्यांचं निम्मं बोलणं प्रश्नांचंच असतं.

आता प्रत्यक्ष काम. शाळा भरण्यापूर्वी रिकामा वर्ग, दहा-पंधरा मिनिटं, आठवड्यातून तीनदा. काय होणार आहे ते ईराला आधी सांगितलेलं असतं, लपवाछपवी नाही. पहिल्या दिवशी आत फक्त आई आणि ईरा, दार बंद. दोघी आळीपाळीने आकडे म्हणतात: आई एक, ईरा दोन, आई तीन. आकडेच का? कारण पुढे काय म्हणायचं ते ठरलेलं असतं. शब्द शोधावा लागत नाही, मत द्यावं लागत नाही, वीस आले की संपलं. हे नेहमीच्या आवाजात जमलं की दार थोडं उघडतं आणि बाई बाहेर व्हरांड्यात कागद चाळत उभ्या राहतात. मग त्या दारात येतात, पाठ करून. मग आत, दूरच्या बाकावर. मग जवळच्या बाकावर. आणि मग खेळातच येतात: आई एक, ईरा दोन, बाई तीन. ईरा बाईंशी अजून बोललेली नाही, पण तिच्या आकड्यानंतर बाईंचा आकडा येतो आहे. इथून आई मागे सरकू लागते, आधी शेजारच्या बाकावर, मग दारात, शेवटी व्हरांड्यात. आकड्यांच्या जागी वार येतात, मग "लाल की पिवळा?" असे पत्त्यांचे खेळ, आणि खऱ्या वाक्यांची पाळी अगदी शेवटी.

पायरी मोठी पडली हे कळतं आवाजावरून. नेहमीचा आवाज कुजबुजीवर आला तर तिथेच थांबून तीच पायरी पुन्हा करायची. आवाज बंदच झाला तर एक पायरी मागे जायचं, आणि बोलतं होऊन त्या दिवसाचा खेळ संपवायचा.

ईराच्या बाबतीत गाडी घसरली ती तिसऱ्या आठवड्यात, आणि तीही कौतुकाने. मुख्याध्यापिका सहज डोकावल्या, ईराचं "आठ" त्यांच्या कानावर पडलं आणि त्यांनी टाळ्या वाजवल्या, "अगं बाई, बोलली की!" ईरा थिजली. पुढच्या दोन वेळा बाई खोलीत असताना तिच्या तोंडून काही निघेना. मूल बोललं की त्या बोलण्याचा सोहळा करायचा नाही, हा नियम शिपायापासून रिक्षावाल्या काकांपर्यंत सगळ्यांना सांगावा लागतो. "आठ, आता माझा नऊ" एवढंच म्हणून पुढे जायचं. कौतुक नंतर, एकटीला, एका वाक्यात. तीच चूक वर्गमित्रही करतात: "टीचर, ईरा बोलली!" बाईंनी पुन्हा दाराबाहेरून सुरुवात केली, आणि या खेपेला पायऱ्या भराभर चढल्या गेल्या.

कुजबुजीबद्दल सावध राहायला हवं. वाटेतली पायरी म्हणून ती चालते. पण मैत्रिणीच्या कानात कुजबुजायचं आणि मैत्रिणीने बाईंना सांगायचं, हे एकदा रुळलं की महिनोन्‌महिने तिथेच अडकतं. मैत्रीण सुटकेचं नवं दार होते, लिफ्टमधल्या आईसारखं.

बाईंशी वाक्यांत बोलणं सुरू झालं म्हणजे वर्गात बोलणं आलं, असं नाही. त्याच रिकाम्या वर्गात एक मैत्रीण येते, मग दोन. मग वर्ग भरलेला असताना फक्त तिच्या बाकाशी हळू आवाजात. हजेरी बरीच नंतर, कारण तेव्हा सगळा वर्ग गप्प असतो आणि एकच आवाज ऐकू येतो. तोवर हात वर केला तरी हजेरी लागली पाहिजे. तोंडी परीक्षेसाठी घरी केलेलं रेकॉर्डिंग चालवून घ्यावं. आणि एक गोष्ट पहिल्याच दिवशी करायची: बाथरूमला जाण्यासाठी दाखवायचं कार्ड. ही मुलं विचारता येत नाही म्हणून तासन्‌तास लघवी दाबून धरतात, दुखलंखुपलं तरी सांगत नाहीत.

घरी आईच्या वाट्याला दोन बदल येतात. प्रश्न "आईस्क्रीम हवंय का?" असा नको, कारण त्याला मान हलवून भागतं. "आंबा की चॉकलेट?" असा विचारायचा आणि मनात पाचपर्यंत मोजत थांबायचं. पाच सेकंद किती लांब असतात ते तेव्हा कळतं. उत्तर नाही आलं तर पुन्हा एकदा विचारायचं, नाही तर बोट दाखवायला सांगायचं. तिच्या वतीने उत्तर द्यायचं नाही.

पन्नास मुलांच्या वर्गात बाईंना आठवड्यातून तीनदा पंधरा मिनिटं कुठून मिळणार, हा रास्त प्रश्न आहे. पण हे काम सुरुवातीला एकाच मोठ्या माणसाशी व्हायचं असतं, आणि ते माणूस वर्गशिक्षिकाच असलं पाहिजे असं नाही. ग्रंथपाल, मदतनीस ताई, समुपदेशक, ईराला ज्यांची धास्ती कमी वाटते ते कुणीही चालतं.

सुरुवातीला ऐकण्याची तपासणी आणि वाक्‌-भाषा तज्ज्ञाकडून बोलण्याची तपासणी करून घ्यावी. घरचा व्हिडिओ तिथे फार कामाचा असतो, कारण तपासणीच्या खोलीत मूल बोलणारच नाही. काहींना शब्द जुळवण्यातही अडचण असते, काहींमध्ये स्वमग्नता असते आणि ती घरातल्या वागण्यातही दिसते. तेव्हा पायऱ्या वेगळ्या लागतात. वय वाढलेल्या आणि या पद्धतीने न हलणाऱ्या मुलांसाठी मानसोपचारतज्ज्ञ चिंता कमी करणारी औषधं देतात, पण ती पायऱ्यांच्या जोडीला असतात, त्यांच्या जागी नव्हे.

नॉर्वेत बेआटे ओएरबेक आणि सहकाऱ्यांनी याच धाटणीचे उपचार घरी सुरू करून शाळेत नेले आणि 30 मुलांना 5 वर्षांनी पुन्हा तपासलं. 21 मुलं पूर्ण बरी होती, 5 बरीचशी सुधारली होती, 4 मुलांत विकार तसाच होता. लहान वयात सुरुवात झालेल्यांना अधिक फायदा झालेला दिसला. "मोठी झाली की बोलेल आपोआप" म्हणून वाट बघणं म्हणून महाग पडतं.

ईराच्या शाळेत एप्रिलमध्ये आणखी एक काम उरलं होतं. पहिलीला नव्या बाई येणार, आणि जुन्या बाईंशी बोलणारी मुलगी नव्या बाईंसमोर पुन्हा गप्प होणार हे जवळजवळ ठरलेलं. म्हणून सुट्टी लागण्याआधीच पहिलीच्या बाईंना त्याच रिकाम्या वर्गात बोलावलं. या वेळी आईच्या जागी जुन्या बाई होत्या: बाई एक, ईरा दोन, आणि पहिलीच्या बाई दाराबाहेर वह्या तपासत. जूनमध्ये शाळा उघडण्याच्या दोन दिवस आधी ईराला नवा वर्ग, नवा बाक आणि नवं बाथरूम दाखवून आणलं, आणि पहिल्या आठवड्यात तेच आकडे पुन्हा एकपासून मोजले.