दोघांच्या टीमला स्क्रम की कानबान? आधी हे दोन्ही आले कुठून ते बघू

स्क्रम आणि कानबान म्हणजे टीमचं काम लावायच्या दोन पद्धती: स्क्रममध्ये काम ठरलेल्या मुदतीच्या खेपांत होतं, त्यांना स्प्रिंट म्हणतात, आणि कानबानमध्ये प्रत्येक कामाचं कार्ड बोर्डवर एकेक कॉलम पुढे सरकतं. स्क्रम हा शब्द मुळात रग्बीतला, आणि प्रॉडक्ट बनवण्याच्या गोष्टीत तो 1986 साली आला, ताकेउची आणि नोनाका या दोन जपानी प्राध्यापकांच्या लेखातून. मग 1993 मध्ये अमेरिकेत जेफ सदरलँडने तो सॉफ्टवेअर टीमवर वापरला आणि 1995 ला केन श्वाबरसोबत जाहीरपणे मांडला. यात दोघांच्या टीमसाठी महत्त्वाचं काय, तर स्क्रम पहिल्यापासून छोट्या पण पूर्ण टीमसाठी होता. 2017 च्या स्क्रम गाईडमध्ये तर स्पष्टच होतं की डेव्हलपमेंट टीम 3 ते 9 जणांची हवी, तीनपेक्षा कमी असले तर आपसात बोलणं कमी होतं आणि फायदाही कमी होतो. 2020 च्या गाईडमधून ती खालची मर्यादा काढली, पण काय बनवायचं ते ठरवणारा प्रॉडक्ट ओनर, पद्धत नीट चालते ना ते बघणारा स्क्रम मास्टर, आणि बनवणारे डेव्हलपर्स या तीन जबाबदाऱ्या तशाच राहिल्या, आणि माणसं दोनच असली की प्रत्येकाच्या डोक्यावर दीड टोपी.

कानबानचं मूळ टोयोटाच्या कारखान्यात. तिथला इंजिनियर ताइची ओनो अमेरिकन सुपरमार्केटच्या पद्धतीवरून शिकला, गिऱ्हाईकाने माल उचलला की तेवढाच रॅकवर परत भरायचा, उगाच आधी नाही. तसंच पुढच्या माणसाने पार्ट वापरला की कार्ड मागे जायचं आणि मग तेवढंच नवीन बनायचं.

सॉफ्टवेअरमध्ये हे यायला 2004 उजाडलं, आणि त्यातली टीम आपल्या हैदराबादची होती हे फार जणांना माहीत नसतं. मायक्रोसॉफ्टच्या आतल्या सॉफ्टवेअरची देखभाल करणारी छोटीशी टीम, एक काम मागितलं की हातात पडायला सुमारे 5 महिने. ड्रॅगोस डुमित्रियु मॅनेजर होता आणि डेव्हिड अँडरसनने त्याला मदत केली. बघितलं तर टीमचा जवळपास एक तृतीयांश वेळ नुसते एस्टिमेट देण्यात जात होता, आणि त्यातली बरीच कामं नंतर होतच नव्हती! त्यांनी एस्टिमेट बंद केले, हातातल्या कामांवर मर्यादा घातली, जागा झाली की पुढचं एकच काम आत घेतलं, आणि 5 महिन्यांचे साधारण 2 आठवडे झाले. मला कानबानबद्दल सगळ्यात पटलेली गोष्ट हीच, कारण लोक काही जास्त राबले नाहीत, हातातली गर्दी कमी झाली.

याचं गणित 1961 मध्ये जॉन लिटलने सिद्ध केलंय: सरासरी एक काम किती वेळ घेतं, तर हातात असलेली कामं भागिले आठवड्याला संपणारी. समजा दोघं मिळून आठवड्याला 4 कार्डं संपवता आणि बोर्डवर 8 अर्धवट आहेत, तर प्रत्येक कार्डाला 2 आठवडे. वेग तोच ठेवून अर्धवट कार्डं 4 वर आणली तर 1 आठवडा.

म्हणून दोघांसाठी मी कानबानच घेईन, आणि बोर्ड एवढाच: ‘पुढचं’ मध्ये जास्तीत जास्त 5, ‘चालू’ मध्ये 2, ‘दुसऱ्याने बघायचं’ मध्ये 1, ‘रिलीजला तयार’ मध्ये 3, आणि ‘लाईव्ह’. तिसऱ्या कॉलमवर 1 ची मर्यादा मुद्दाम, कारण दोघांत रिव्ह्यू नेहमी तिथेच अडकतो, मी माझं संपवून नवीन उचलतो, समोरचाही तेच करतो आणि दोन्ही कार्डं चार दिवस तशीच पडून. जागा भरलेली असली की नवीन उचलता येत नाही, आधी दुसऱ्याचं बघावंच लागतं. कार्डावर ते कॉलममध्ये आलं ती तारीख लिहा, तीन दिवस एकाच जागी दिसलं की समजायचं काहीतरी अडलंय. आणि ‘टेस्टिंग’, ‘क्यूए’, ‘स्टेजिंग’ असे वेगळे कॉलम नकोत, माणसं तीच दोन आहेत ना.

रिलीजचा ताल हा वेगळा प्रश्न आहे आणि लोक इथेच गोंधळतात, स्प्रिंट संपला की रिलीज असं धरून बसतात. वेबचं काम तयार झालं की त्याच दिवशी सोडा, फक्त शुक्रवारी संध्याकाळी नको, शनिवारी बिघडलं तर दोघांनाच बसावं लागतं. मोबाईल ॲपला स्टोअरचा रिव्ह्यू मध्ये असतो, शिवाय लोकांना रोज अपडेट नको असतं, म्हणून तिथे दर दुसऱ्या बुधवारी, आणि ज्या कार्डाचं काम बुधवारपर्यंत झालं नाही ते पुढच्या खेपेला, तारीख हलवायची नाही.

स्क्रममधलं एक मात्र मी ठेवेन, दर दोन आठवड्यांनी अर्धा तास रेट्रो, म्हणजे झालेल्या कामाकडे मागे वळून बघायची बैठक, आणि त्यात फक्त सगळ्यात जुनं कार्ड काढून ते का थांबलं हे बोलायचं. पूर्ण स्क्रम मी तेव्हाच घेईन जेव्हा एखाद्या ग्राहकाला दर दोन आठवड्यांनी डेमो द्यायचं ठरलेलं असेल, किंवा तिसरा-चौथा माणूस येऊन कुणीतरी फक्त प्रॉडक्ट बघायला लागेल.