स्वतःला नावाने हाक मारून सल्ला द्यायचा: हे आलं कुठून?

इंटरव्ह्यूला आत बोलवायच्या दोन मिनिटं आधी मनात "मी, मी" न करता स्वतःचं नाव घ्या आणि एखाद्या मैत्रिणीला सल्ला देताय तसं स्वतःशी बोला, ही टिप आता बऱ्याच जणांनी कुठे ना कुठे ऐकलीय. बहुतेकांना वाटतं की आरशासमोर उभं राहून "मी करू शकतो, मी जिंकणारच" म्हणतात त्यातलाच हा प्रकार. तसं नाहीये. याचं मूळ पूर्ण वेगळ्या ठिकाणी आहे, आणि ते मूळ माहीत असलं की हे नेमकं कसं करायचं आणि कधी करायचं नाही हे बरंचसं आपोआप कळतं, म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

सुरुवात होते लहान मुलांपासून. १९६० च्या दशकाच्या शेवटी वॉल्टर मिशेल नावाचे सायकॉलॉजिस्ट स्टॅनफर्ड युनिव्हर्सिटीच्या बिंग नर्सरी स्कूलमध्ये मुलांसमोर मार्शमॅलोसारखा खाऊ ठेवायचे आणि सांगायचे की आत्ता खाल्लास तर एक, मी परत येईपर्यंत थांबलास तर दोन. हा प्रयोग संयमाची परीक्षा म्हणून फेमस झाला, पण मिशेलना खरा इंटरेस्ट होता तो मुलं थांबतात कशी यात. आणि तिथे एक गोष्ट दिसली ती फार महत्त्वाची आहे. समोर खाऊ असताना "हे नुसतं चित्र आहे असं समज, मनातल्या मनात त्याच्याभोवती फ्रेम लाव" एवढंच सांगितलं की मुलं कितीतरी जास्त वेळ थांबायची, आणि त्याच्या चवीचा विचार करायला सांगितलं की लगेच हात जायचा. म्हणजे खाऊ तोच, मूल तेच, बदललं फक्त बघायचं अंतर.

पुढे मिशेल कोलंबिया युनिव्हर्सिटीत गेले आणि तिथे त्यांचे विद्यार्थी होते इथन क्रॉस आणि ओझलेम आयडुक. यांनी प्रश्न उलटा केला. मोहाच्या गोष्टीपासून लांब होता येतं, तर मग आपल्याच रागापासून, अपमानापासून होता येईल का? २००५ मध्ये तिघांचा जो पेपर आला त्यात लोकांना एखादं जुनं भांडण आठवायला सांगितलं होतं. काहींना सांगितलं, तो प्रसंग परत स्वतःच्या डोळ्यांनी जगा. काहींना सांगितलं, थोडे मागे या आणि तिथे उभ्या असलेल्या "त्या" स्वतःकडे लांबून बघा. मग दोन्हीकडे विचारलं की तुला असं का वाटलं. आत बुडून "का" विचारणारे परत तापले, लांबून "का" विचारणाऱ्यांचा राग कमी राहिला. मला वाटतं या सगळ्या इतिहासातला हाच खरा वळणाचा क्षण आहे, कारण तोपर्यंत एक बाजू म्हणायची मनातलं सगळं उकरून काढा आणि दुसरी म्हणायची विचारच करू नका, दुसरीकडे लक्ष लावा, आणि इथे पहिल्यांदा दिसलं की प्रश्न उकरायचं की नाही हा नाहीच, कुठे उभं राहून उकरता हा आहे.

लक्ष दुसरीकडे लावण्याचंही त्यांनी नंतर तपासलं. २००८ च्या अभ्यासात एका गटाला दुःखद प्रसंग लांबून बघायला सांगितला आणि एका गटाला सरळ विषय बदलून दिला. त्या दिवशी दोघंही ठीक. पण एक दिवसाने किंवा सात दिवसांनी तोच प्रसंग परत काढला तेव्हा विषय बदललेल्यांना तो परत टोचला आणि लांबून बघितलेल्यांना तेवढा नाही. म्हणजे अंतर घेणं आणि टाळणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, गडबड इथेच जास्त होते.

पण या पद्धतीत एक प्रॅक्टिकल अडचण होती. डोळे मिटून स्वतःला लांबून बघणं हे जुन्या भांडणाबद्दल जमतं, पण बाहेर पाच लोक वाट बघतायत, तळहाताला घाम आलाय, अशा वेळी सिनेमा कुठे लावत बसणार. नाव घेऊन बोलण्याची गोष्ट इथे येते. क्रॉस यांनी स्वतःच सांगितलेला किस्सा आहे. २०११ मध्ये ते त्यांच्या रिसर्चबद्दल टीव्हीवर दिसले आणि नंतर त्यांना एक धमकीचं पत्र आलं. घरात लहान बाळ, हे रात्री बेसबॉलची बॅट घेऊन जागे, आणि प्रोफेसर लोकांना संरक्षण देणारे बॉडीगार्ड मिळतात का हे इंटरनेटवर शोधायच्या बेतात होते तेव्हा मनात आपोआप आलं, "इथन, काय चाललंय तुझं? हा वेडेपणा आहे." आणि तिथेच डोकं ताळ्यावर यायला सुरुवात झाली. त्याच्या आदल्या वर्षी लेब्रॉन जेम्स या बास्केटबॉल खेळाडूने क्लीव्हलंडची टीम सोडून मायामीला जायचा निर्णय टीव्हीवर सांगितला होता, त्यात तोही म्हणाला होता की भावनेच्या भरात निर्णय घ्यायचा नव्हता, लेब्रॉन जेम्ससाठी जे चांगलं ते करायचं होतं. लोकांना ते गर्विष्ठ वाटलं. क्रॉसना त्यात अभ्यासाचा विषय दिसला.

२०१४ मध्ये त्यांच्या टीमचा पेपर आला, त्यात एकूण सात अभ्यास होते. त्यातला भाषणाचा प्रयोग नीट बघण्यासारखा आहे. लोकांना लॅबमध्ये बोलावून अचानक सांगितलं की तुमच्या स्वप्नातल्या नोकरीसाठी तुम्हीच का योग्य यावर परीक्षकांसमोर भाषण द्यायचंय, तयारीला पाच मिनिटं, कागद नेता येणार नाही. मग भाषणाआधी थोडा वेळ आपल्या मनात काय चाललंय यावर विचार करायचा. अर्ध्यांनी "मी" वापरून, "मला का असं होतंय?" अर्ध्यांनी स्वतःचं नाव आणि "तू" वापरून. फरक फक्त एवढाच. नाव वापरणाऱ्यांची भाषणं, कोण कुठल्या गटातला हे माहीत नसलेल्या परीक्षकांना जास्त चांगली वाटली, नंतर त्यांना लाज कमी वाटली आणि घरी जाऊन "मी काय बोललो ते" असं घोळवत बसणंही कमी झालं. आणि ज्यांना मुळात लोकांसमोर जायची जास्त भीती वाटते त्यांनाही याचा उपयोग झाला.

हे का होतं याचं त्यांचं उत्तर असं की "मी" म्हणताना डोक्यात धोका मोजला जातो, माझ्याकडे वेळ नाही, माझं वाटोळं होणार, आणि नाव घेतलं की तोच प्रसंग आव्हान म्हणून मोजला जातो, म्हणजे अवघड आहे पण तुझ्याकडे या या गोष्टी आहेत. नाव आपण आयुष्यभर दुसऱ्यांसाठी वापरतो, त्यामुळे नाव घेतल्याबरोबर डोकं दुसऱ्या माणसाशी बोलायच्या मोडमध्ये जातं, त्यासाठी वेगळी मेहनत लागत नाही. २०१७ मध्ये जेसन मोझर यांच्या टीमने मेंदूच्या लहरी मोजल्या तेव्हा त्रासदायक चित्रं बघताना नाव वापरलं तर भावनिक प्रतिक्रियेचा सिग्नल एका सेकंदाच्या आतच कमी होत होता, आणि डोक्याला जोर लावल्याचा जो सिग्नल असतो तो वाढलेला नव्हता. घाबरलेल्या माणसाकडे जोर लावायला ताकदच उरलेली नसते, म्हणून मला हा मुद्दा सगळ्यात कामाचा वाटतो.

सल्लागाराचा भाग याच काळात आला. इगोर ग्रॉसमन आणि क्रॉस यांनी २०१४ मध्येच दाखवलं की जोडीदाराने फसवलं असा प्रसंग मित्राच्या बाबतीत कल्पना करायला दिला तर लोक शहाणपणाने विचार करतात, दुसरी बाजू बघतात, आपल्याला सगळं माहीत नाही हे मान्य करतात, आणि तोच प्रसंग स्वतःचा असला की हे सगळं गायब. याला त्यांनी राजा सॉलोमनचं नाव दिलं, जगाला सल्ला देणारा आणि स्वतःच्या घरात चुकणारा. पण स्वतःच्या प्रसंगाकडेही तिसऱ्या माणसासारखं बघायला लावलं तर तो फरक मिटला. आणि हे तरुणांमध्ये जसं होतं तसंच ६० ते ८० वयाच्या लोकांमध्येही होतं, नुसतं वय वाढून ही गोष्ट येत नाही.

आपल्याकडे हे वाचताना समर्थ रामदास आठवणं साहजिक आहे. मनाचे श्लोक २०५ आहेत आणि ते मनाला समोर बसवून बोललेले आहेत. "जगी सर्व सूखी असा कोण आहे, विचारे मना तूचि शोधूनि पाहे" या दोन ओळींत तर मनाला उत्तर दिलेलंच नाही, जा आणि शोध असं काम दिलंय. अर्थात समर्थांचा हेतू भक्तीचा आहे, इंटरव्ह्यूच्या टेन्शनचा नाही, त्यामुळे त्यांना सगळं आधीच माहीत होतं वगैरे म्हणणं मला पटत नाही. पण ज्याला त्रास होतोय त्याला समोर बसवून त्याच्याशी बोलायचं ही बैठक आपल्या कानाला ओळखीची आहे, तेवढं नक्की.

आता हे प्रत्यक्षात कसं दिसतं ते बघू. समजा सुजाता नावाची कोणीतरी आहे, तिची पीएचडीची व्हायवा आहे आणि ती बाहेर बाकावर बसलीय. मनात चाललंय, "मला तिसरं चॅप्टर विचारलं तर मी गेले, माझा डेटा कमी आहे, मी उगाच यात पडले." हे थांबवायचं नाही, फक्त बोलणारी बदलायची. मोठ्याने नको, मनातच. "सुजाता, तुला नेमकं कशाचं टेन्शन आलंय? तिसऱ्या चॅप्टरचं. का? कारण सॅम्पल छोटं आहे आणि ते त्यांना दिसणार. बरं, ते छोटं का आहे हे तुला माहितीय का? माहितीय, दोन गावांत परवानगी मिळाली नाही, आणि ते तू लिहिलंयस पण. मग विचारलं की आधी तेच सांग, लपवू नकोस. आत गेल्यावर पाणी पी आणि पहिलं उत्तर हळू दे." एवढंच. यात "सुजाता तू ग्रेट आहेस" कुठेही नाही. आधी भीतीचं कारण विचारलं, मग तिच्याकडे असलेली माहिती तिलाच आठवून दिली, मग पुढची एक कृती सांगितली.

हे बिघडतं ते बहुतेक एकाच प्रकारे. नाव घेतलं जातं पण बोलणारी सल्लागार नसते, ओरडणारी असते, "सुजाता, तुला कधीच काही जमत नाही." लहानपणी पूर्ण नाव घेऊन हाक यायची ती ओरडा बसतानाच, त्यामुळे काही जणांचं नाव घेतल्यावर आपोआप तिकडेच जातं. ओळखायचं असं की दोन-तीन वाक्यांनंतर पुढे काय करायचं ते सापडलं का, की तेच वाक्य परत फिरून आलं. फिरून येत असेल तर नावाच्या जागी खऱ्या मैत्रिणीला समोर धरून तिला काय सांगितलं असतं ते बोलून बघावं.

मर्यादाही आहेत. यातले बरेच प्रयोग अमेरिकेतल्या कॉलेजच्या मुलांवर झालेत आणि फरक दिसतो तो मदत होण्याइतका, भीती पुसून टाकण्याइतका नाही. मोठा आघात, वारंवार येणारे पॅनिक अटॅक, अशा ठिकाणी डॉक्टर किंवा थेरपिस्टच लागतात, एकट्याने नाव घेत बसून भागत नाही. आणि अंतर घेतल्याने फक्त त्रासच कमी होतो असंही नाही. रोजच्या आयुष्यातल्या भावना मोजलेल्या एका २०१२ च्या अभ्यासात लांबून बघण्याने दुःखासारखाच आनंदही लवकर ओसरताना दिसला. म्हणून व्हायवा चांगली झाली की त्या संध्याकाळी सुजाताने हे काही करू नये, खुशाल "मी, मी" करत सगळ्यांना फोन लावावेत.