काळ्या कावळ्याचा उकार : काफियातल्या ‘रवी’ची पार्श्वभूमी

जुन्या अरबी कवितेला शीर्षक नसे. ती ओळखली जायची शेवटच्या अक्षरावरून. शन्फरा या कवीचा कसीदा, म्हणजे दीर्घ कविता, ‘लामिय्या’ म्हणून ओळखला जातो, कारण त्याचा प्रत्येक शेर ‘ल’वर येऊन थांबतो. तसाच बुहतुरीचा ‘सीनिय्या’ आणि इब्न ज़ैदूनचा ‘नूनिय्या’. अख्खी कविता ज्या एका अक्षरावर तोलली जाते, त्या अक्षराला अरबीत ‘रवी’ म्हणतात. आपल्या ताकाच्या रवीशी किंवा सूर्याशी त्याचं काही नातं नाही. काफिया म्हणजे शेराच्या शेवटी जुळणारं यमक. त्यातलं बाकी सगळं गैरहजर असू शकतं. रवीशिवाय मात्र काफिया होत नाही.

मराठी वाचक इथेच पहिल्यांदा चकतो. आपलं अक्षर म्हणजे व्यंजन आणि स्वर एकत्र. ‘ली’ हे एक अक्षर. अरबीत ‘हर्फ’ म्हणजे नुसतं व्यंजन, ऱ्हस्व स्वर ही त्यावरची वेगळी खूण. त्यामुळे तिथल्या शास्त्रात व्यंजनाचा नियम वेगळा, त्याच्या आधीच्या स्वराचा वेगळा आणि नंतरच्या स्वराचा आणखी वेगळा. रवीनंतरच्या ऱ्हस्व स्वराला ‘मजरा’ असं नाव आहे.

या मजराची एक जुनी गोष्ट अरबी ग्रंथांत सांगितली जाते. नाबिग़ा ज़ुब्यानी हा इस्लामपूर्व काळातला नामवंत कवी. त्याच्या एका कवितेत रवी ‘द’ आणि मजरा इकार, म्हणून पहिला शेर ‘मुज़व्वदी’ या शब्दावर संपतो. पण पुढच्या एका शेरात ‘काळ्या कावळ्यानं आम्हाला खबर दिली’ असं म्हणताना शेवट झाला ‘अस्वदू’. कावळा इथे कर्ता, त्यामुळे अरबी व्याकरणाप्रमाणे ‘काळा’ या विशेषणालाही उकारच हवा. व्याकरण बरोबर, काफिया चुकला. यस्रिबच्या, म्हणजे आजच्या मदीनेच्या, लोकांना हे खटकलं, पण एवढ्या मोठ्या कवीला तोंडावर कोण सांगणार? त्यांनी एका गाणारणीला तीच कविता गायला लावली. गाताना शेवटचा स्वर लांबतो. आधी ‘दीऽऽ’ आणि मग एकदम ‘दूऽऽ’ आलं, तेव्हा नाबिग़ा समजला. त्यानं ओळ बदलून ‘काळ्या कावळ्याची काव-काव’ अशी केली. आता कावळा षष्ठीत गेला, विशेषण ‘अस्वदी’ झालं आणि काफिया जुळला. गोष्ट खरी असो वा रचलेली, तिच्यात मर्म आहे: काव्यशास्त्राचा ग्रंथ लिहिला जाण्याआधी दोष कानानं पकडला जात होता. पुढे या दोषाला ‘इक्वा’ म्हणू लागले.

आठव्या शतकात बसऱ्याच्या ख़लील इब्न अहमदनं छंदांबरोबर काफियाचीही मांडणी केली, आणि नंतरच्या शास्त्रकारांनी रवीच्या मागच्या-पुढच्या प्रत्येक जागेला नाव दिलं. त्यातली दोन-तीन समजली तरी वाचकाचं काम भागतं.

इस्लामपूर्व कवी इम्रुल क़ैसची ‘मुअल्लक़ा’ ही गाजलेली दीर्घ कविता घ्या. तिच्या सुरुवातीच्या शेरांचे शेवट असे येतात: हौमली, शम्अली, फुल्फुली, हन्ज़ली. रवी ‘ल’, त्यावर इकार, आणि तो ओढून लांबवलेला. आता ‘ल’च्या आधी काय आहे ते पाहा. हौमलीत अकार, फुल्फुलीत उकार. पहिल्या ओळीच्या मध्यावर असलेल्या ‘मन्ज़िली’त तर इकार. हे चालतं, कारण रवीच्या पुढे स्वर असला की कान त्या शेवटच्या स्वरावर टेकतो आणि आधीचा ऱ्हस्व स्वर मोकळा राहतो. मात्र रवीच्या लगेच आधी दीर्घ स्वर आला (त्याला ‘रिद्फ’ म्हणतात) तर तो सगळ्या कवितेत पाळावा लागतो. त्यातही एक सवलत आहे: ‘ऊ’ आणि ‘ई’ एकमेकांच्या जागी येऊ शकतात, ‘आ’ मात्र वेगळाच. अल्क़मा या जुन्या कवीच्या एका कवितेच्या पहिल्याच शेरात एक ओळ ‘तरूबू’वर आणि दुसरी ‘मशीबू’वर संपते, आणि कुणी त्याला दोष देत नाही.

हे शास्त्र फारसीत आणि तिथून उर्दूत आलं तेव्हा जमीन बदलली. या भाषांत शब्दाच्या शेवटी अरबीसारखे विभक्तीचे ऱ्हस्व स्वर नाहीत. रवी बहुतेकदा हलन्त, म्हणजे थांबलेला. पुढे टेकायला स्वर उरला नाही, तेव्हा सगळा भार मागच्या स्वरावर आला. अशा थांबलेल्या रवीआधीचा ऱ्हस्व स्वर सारखाच हवा का, याविषयी अरबी शास्त्रकारांत मतभेद होते; उर्दूत तो पक्का नियम झाला. ‘नूर’ आणि ‘मीर’ इथे काफिये नाहीत. रवीआधीच्या ज्या कायम स्वराला मराठी गझलेत आपण ‘अलामत’ म्हणतो आणि जिच्यावरून नवख्या गझलकारांना टोकलं जातं, तिचं मूळ माझ्या मते या बदलात आहे. फारसीनं आणखी एक भर घातली: काफियानंतर जशीच्या तशी परतणारी रदीफ.

आता एक गझल सोडवून पाहू. गालिबच्या एका गझलेचा मतला, म्हणजे पहिला शेर, असा आहे:

कोई उम्मीद बर नहीं आती
कोई सूरत नज़र नहीं आती

मतल्याच्या दोन्ही ओळींत काफिया असतो, म्हणून शोध तिथूनच सुरू करायचा. दोन्ही ओळी शेवटाकडून मागे वाचत या. जे शब्द जसेच्या तसे जुळतात, ती रदीफ: ‘नहीं आती’. ती झाका. उरले ‘बर’ आणि ‘नज़र’. पुढच्या शेरांच्या दुसऱ्या ओळींतून ‘भर’, ‘पर’, ‘ख़बर’, ‘मगर’ मिळतात. एकाखाली एक लिहिले की ‘र’ कायम, त्याआधीचा अकार कायम आणि त्याआधीचं व्यंजन बदलतं, हे दिसतं. म्हणजे रवी ‘र’ आणि अलामत ‘अ’. या गझलेत ‘फिर’ बसणार नाही, ‘दूर’ही नाही, ‘सफ़र’ बसेल.

याच गझलेत ‘पर’ काफियाच्या जागी दोनदा आला आहे. ‘अब किसी बात पर नहीं आती’ आणि ‘मौत आती है पर नहीं आती’. तोच शब्द जवळजवळ वापरणं हा अरबी शास्त्रात ‘ईता’ नावाचा दोष आहे. पण पहिला ‘पर’ म्हणजे ‘वर’, दुसरा म्हणजे ‘पण’. अर्थ वेगळा असेल तर शब्द वेगळा धरतात, त्यामुळे दोष लागत नाही.

उर्दूत ‘ईता’ प्रत्ययांनाही लावतात, आणि रवी शोधताना फसगत होते ती बहुधा इथेच. मतल्यात ‘चलना’ आणि ‘लिखना’ आले तर ‘ना’ जुळल्यासारखा वाटतो. पण ‘ना’ हा प्रत्यय आहे. तो काढा: ‘चल’ आणि ‘लिख’ जुळत नाहीत, म्हणजे खरा रवीच नाही. ‘चलना’ आणि ‘ढलना’ घेतले तर प्रत्यय काढूनही ‘ल’ उरतो. मराठी गझल इथे बरीच सैल आहे. ‘करतो’ आणि ‘पाहतो’ आपण ‘तो’वर जुळवतो आणि त्याआधीचा अकार सांभाळला की समाधान मानतो. मला त्यात गैर वाटत नाही, आपली क्रियापदं प्रत्ययांनीच संपतात.

देवनागरीतून उर्दू वाचणाऱ्याला आणखी एक गोष्ट दिसतच नाही. ‘ख़ास’ आणि ‘पास’ आपल्याला बिनचूक काफिये वाटतात. उर्दू लिपीत पहिल्याच्या शेवटी ‘स्वाद’ आहे, दुसऱ्याच्या शेवटी ‘सीन’. उच्चार एकच, पण अक्षरं दोन, म्हणून जुन्या उस्तादांच्या हिशेबी रवी बदलला. अरबीत या दोन अक्षरांचे उच्चार खरोखर वेगळे आहेत. उर्दूनं ध्वनी गमावला आणि नियम तेवढा डोळ्यांसाठी ठेवला. त्यामुळे एखाद्या जुन्या गझलेत कवीनं सहज सुचणारा काफिया का टाळला असा प्रश्न पडला, तर तो शब्द उर्दू लिपीत कसा लिहितात ते आधी पाहावं.