अग्रहक्क भाग आणि समहक्क भाग : लाभांश व समापनातील हक्क

कंपनीच्या भागभांडवलाचे दोन मुख्य प्रकार आहेत. अग्रहक्क भागधारकाला ठरलेल्या दराने लाभांश आधी मिळतो आणि कंपनी बंद झाली तर भांडवलही सहसा आधी परत मिळते. समहक्क भागधारकाची पाळी शेवटी येते, पण शेवटी जे उरेल ते सगळे त्याचे. पहिल्याचा हक्क आधीचा असला तरी त्याला वरची मर्यादा आहे. अग्रहक्क म्हणजे अधिक सुरक्षितता, एवढेच ऐकून पैसे गुंतवणाऱ्यांचे लक्ष नेमके या मर्यादेकडे जात नाही.

अग्रहक्क भागावरचा लाभांश व्याजासारखा दिसतो, पण ते व्याज नव्हे. नफा नसेल किंवा लाभांश जाहीरच झाला नाही, तर त्या वर्षी मागायला काही नसते. भाग संचयी असेल तर न मिळालेली रक्कम पुढे ओढली जाते आणि ती चुकती होईपर्यंत समहक्क भागधारकांना काहीही देता येत नाही. एखाद्या कंपनीचे 9 टक्के दराचे अग्रहक्क भांडवल 1 कोटी रुपये आहे असे धरू. तिचा वर्षाचा अग्रहक्क लाभांश 9 लाख होतो. पहिल्या वर्षी तोटा झाला, काही वाटले गेले नाही. दुसऱ्या वर्षी वाटण्याजोगे 6 लाख होते. ते सगळे अग्रहक्क भागधारकांना गेले आणि थकबाकी 12 लाख राहिली. तिसऱ्या वर्षी 40 लाख वाटायचे ठरले, तर आधी 12 लाख थकबाकी आणि 9 लाख चालू वर्षाचे असे 21 लाख द्यावे लागतील. समहक्क भागधारकांना 19 लाख उरतील. हेच भाग असंचयी असते तर तिसऱ्या वर्षी अग्रहक्काचे 9 लाखांवर भागले असते आणि समहक्काच्या वाट्याला 31 लाख आले असते. अटींमध्ये याविषयी काहीच लिहिलेले नसेल, तर इंग्लिश न्यायालये भाग संचयी आहेत असे गृहीत धरतात.

समापनात मालमत्ता विकून आलेल्या पैशातून समापनाचा खर्च आणि सर्व धनकोंची देणी आधी भागवली जातात. दोन्ही प्रकारचे भागधारक कंपनीचे मालक असल्याने धनकोंच्या मागेच उभे असतात. देणीच पुरी फिटली नाहीत, तर अग्रहक्क असूनही हाती काही येत नाही.

वरच्याच कंपनीचे समहक्क भांडवल 10 रुपयांच्या 20 लाख भागांचे, म्हणजे 2 कोटींचे आहे असे समजू. देणी फेडून 80 लाख उरले, तर ते सगळे अग्रहक्क भागधारकांचे. त्यांना 100 रुपयांच्या भागामागे 80 मिळतील आणि समहक्काला शून्य. उरले 1 कोटी 30 लाख आणि मागच्या दोन वर्षांचा 18 लाख लाभांश थकलेला असेल, तर खरा प्रश्न उभा राहतो. जाहीर न झालेला लाभांश हे कंपनीचे कर्ज नसते, म्हणून समापन सुरू झाल्यावर तो आपोआप मागता येत नाही. लाभांश ‘जाहीर झालेला असो वा नसो’, थकबाकी भांडवलासोबत द्यावी, असे नियमावलीत किंवा भाग जारी करण्याच्या अटींत असेल, तर अग्रहक्काला 1 कोटी 18 लाख मिळतील आणि समहक्काला भागामागे 60 पैसे. तसे नसेल, तर अग्रहक्काला 1 कोटीच मिळतील आणि समहक्काला भागामागे दीड रुपया. थकबाकी मोजताना ती कोणत्या तारखेपर्यंत धरायची, हेही त्याच कलमात पाहावे लागते.

भांडवल आधी परत मिळण्याचा हक्कही अटींतूनच यावा लागतो. केवळ लाभांशात अग्रक्रम दिला, तर इंग्लिश न्यायतत्त्वानुसार भांडवलाच्या परतफेडीत दोघे एकाच पायरीवर येतात आणि तूट दोघांनी सोसायची असते.

आता 3 कोटी 50 लाख उरले असे धरू, आणि लाभांशाची थकबाकी काही नाही. दोघांचे भांडवल परत करून 50 लाख शिल्लक राहतात. ते कोणाचे? भाग सहभागी असतील, तर ठरलेल्या प्रमाणात दोघांचे. अटी गप्प असतील तर काय, यावर इंग्लंडमध्ये बराच काळ वाद होता. 1933 मध्ये अपील न्यायालयाने अग्रहक्क भागधारकांनाही शिलकीत वाटा दिला होता. पुढे ब्रिटनमधल्या कोळसा खाणींचे राष्ट्रीयीकरण झाले, तेव्हा विल्सन्स अँड क्लाइड कोल कंपनीने समापनाआधीच अग्रहक्क भांडवल परत करायचे ठरवले. शिलकीतला आपला वाटा बुडतो, अशी त्या भागधारकांची तक्रार होती. 1949 मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने ती अमान्य केली: भांडवलाच्या परतफेडीत अग्रक्रम दिला की समापनातला त्यांचा हक्क तेवढाच, त्यापलीकडे काही हवे असेल तर ते स्पष्ट लिहिलेले असले पाहिजे. या नियमाने वरचे 50 लाख समहक्क भागधारकांकडे जातात, आणि त्यांना 10 रुपयांच्या भागामागे साडेबारा रुपये मिळतात.